बैठकीत ठरले, परंतु झाले नाही
प्रलंबित निर्णयांविषयी समितीच्या अध्यक्षांस द्यावयाची टिप्पणी

गोव्यातील नद्यांच्या मुखालगत जी खाजन शेते आहेत, त्यांचे जीवन दोन गोष्टींवर अवलंबून असते : एक बांध आणि दुसरी मानस. बांध खाडीचे खारे पाणी शेताबाहेर थोपवून धरतो. मानशीची लाकडी दारे भरतीच्या लोटाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडून शेतातले जादा पाणी बाहेर सोडतात. बांधास भगदाड पडले अथवा मानशीचे दार कुजले, तर खारे पाणी शेतात शिरते आणि त्या हंगामाचे पीक जाते. एवढ्यावरच भागत नाही. मातीत उतरलेला क्षार धुऊन निघण्यास पुढील पावसाळ्याचे, प्रसंगी त्याच्याही पुढील पावसाळ्याचे गोडे पाणी लागते.

या बांधांची व मानशींची देखभाल पूर्वी गावकरी संस्था, म्हणजे कोमुनिदादी, करीत असत. 1964 च्या कूळ कायद्यानंतर व त्याखालील 1975 च्या नियमांनंतर ही जबाबदारी कुळांवर सामुदायिकपणे आली आणि तिच्यासाठी गावोगाव कूळ संघ स्थापन झाले. व्यवहारात यांनाच टेनंट असोसिएशन म्हणतात. संघाची व्यवस्थापकीय समिती बैठका घेते, ठराव करते, मानशीवरील मासेमारीच्या हक्काचा लिलाव करते व त्या उत्पन्नातून दुरुस्ती करविते. बहुतेक ठिकाणी ठराव योग्य असतात, इतिवृत्तही नीट लिहिलेले असते. तरीही पावसाळा तोंडावर आला असता काम झालेले नसते. अशा वेळी सचिवाने अध्यक्षांस लेखी काय व कसे कळवावे, हा या लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी घेतलेले गाव व त्यातील आकडे कल्पित आहेत. अडचणी मात्र अशा समित्यांत नित्य आढळणाऱ्या आहेत.

उदाहरणातील परिस्थिती

गावाचे खाजन सुमारे 40 हेक्टर व कुळांची कुटुंबे 62. गेल्या पावसाळ्यात बांधाचा 30 मीटरचा भाग खचला. खेकड्यांच्या बिळांतून आधी पाणी पाझरू लागले, नंतर माती सुटली. ऑक्टोबरात कापणी झाल्यावर समितीची बैठक 20 ऑक्टोबरला भरली. त्यानंतरच्या बैठका 24 नोव्हेंबर व 12 जानेवारी या दिवशी झाल्या. तीन बैठकांत मिळून 11 निर्णय झाले. 12 फेब्रुवारीस सचिवांनी, जे निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, इतिवृत्ताची वही काढून मेळ घातला, तेव्हा सहा निर्णय पूर्ण झाले होते व पाच बाकी होते.

बाकी पाच निर्णय असे : खचलेल्या बांधाचे मोजमाप घेऊन कृषी विभागाच्या विभागीय कार्यालयाकडे दुरुस्तीचा अर्ज करणे, मानशीच्या लिलावाचा दुसरा हप्ता वसूल करणे, मानशीची दोन कुजलेली दारे बदलणे, सभासदांची यादी अद्ययावत करणे, आणि मानशीवर पाण्याच्या पातळीच्या खुणा रंगविणे.

बहुतेक सचिव या ठिकाणी एक चूक करतात. पाचही बाबींची यादी करून, प्रत्येकीपुढे "पाठपुरावा चालू आहे" असा शेरा मारून ती पुढील बैठकीपुढे ठेवतात. अध्यक्ष यादी वाचतात, "लवकर करावे" असे म्हणतात आणि यादी पुढच्या बैठकीस पुन्हा येते. अशा यादीत कोणती बाब थांबली तरी चालेल व कोणती थांबली तर शेत बुडेल, हे दिसत नाही. ते दिसण्यासाठी टिप्पणी लिहिण्यापूर्वी तीन कामे करावी लागतात.

पहिले काम : दिवस पुढून मागे मोजणे

विलंब मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे ठरलेली तारीख उलटून किती दिवस गेले हे सांगणे. ती उपयोगी आहे, पण अपुरी आहे. बांधाचा अर्ज 15 नोव्हेंबरपर्यंत जावयाचा होता. 12 फेब्रुवारीस तो 89 दिवस मागे होता. हा आकडा ऐकून वाईट वाटते, परंतु यापुढे किती वेळ उरला आहे हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी ज्या दिवशी पाणी येणार त्या दिवसापासून मागे यावे लागते.

गोव्यात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. पावसाचे पाणी व उधाणाची भरती एकत्र आली की नव्या बांधाची खरी परीक्षा होते. म्हणून सचिवांनी 31 मे ही शेवटची तारीख धरली. गावातील जाणत्या शेतकऱ्यांच्या मते नवी माती बसण्यास व सुकण्यास तीन आठवडे हवेत. म्हणजे काम 10 मेपर्यंत संपले पाहिजे. 30 मीटर बांधास 25 दिवस लागतील असा अंदाज होता. म्हणून काम 15 एप्रिलला सुरू झाले पाहिजे. चिकणमाती, चिरे व मजूर यांची जुळवाजुळव करण्यास 15 दिवस. म्हणजे 31 मार्चला काम कोणास द्यावयाचे हे नक्की झाले पाहिजे. दरपत्रके मागविण्यास आणखी 15 दिवस. म्हणजे 16 मार्चला मंजुरी हाती हवी. कार्यालयाने पाहणी करून अंदाजपत्रक तयार करण्यास व मंजुरी देण्यास 21 दिवस धरले, तर अर्ज 23 फेब्रुवारीस दाखल झालाच पाहिजे.

या गणिताने विषयाचे रूप पालटले. अर्ज 89 दिवस रखडला आहे ही तक्रार होती. अर्जास 11 दिवस उरले आहेत ही सूचना झाली. अध्यक्षांस कृती करता येते ती दुसऱ्या वाक्यावर. शिवाय प्रत्येक टप्प्याचे दिवस लिहून दाखविले असल्यामुळे कोणास एखादा टप्पा कमी दिवसांत होईल असे वाटल्यास तो तसे सांगू शकतो, व चर्चा मोघम राहत नाही.

दुसरे काम : अडचणीचे मूळ शोधणे

पाच बाकी बाबींपैकी सभासदांची यादी व पातळीच्या खुणा या दोहोंसाठी अध्यक्षांची गरज नव्हती. ज्यांच्याकडे ती कामे होती त्यांना सचिवांनी स्वतः स्मरणपत्र दिले आणि त्या टिप्पणीतून वगळल्या. उरलेल्या तीन बाबी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी सचिवांनी प्रत्येकीपुढे "हे कशामुळे थांबले?" हा प्रश्न ठेवला, तेव्हा त्यांची साखळी स्पष्ट झाली.

बांधाचे मोजमाप 4 डिसेंबरला झालेले होते. अर्ज गेला नाही, कारण कार्यालयाने अर्जासोबत समितीचा ठराव व संघ आपल्या वाट्याची रक्कम भरील असे पत्र मागितले होते, आणि संघाच्या खात्यात केवळ 11,500 रुपये असताना 30,000 रुपयांचे पत्र देण्यास कोणी तयार नव्हते. मानशीच्या दारांसाठी दोन सुतारांची दरपत्रके आलेली होती. कमी दर 38,000 रुपयांचा होता. तेथेही पैशाअभावी काम दिलेले नव्हते. आणि पैसा नव्हता, कारण लिलावाच्या 90,000 रुपयांपैकी 30,000 रुपये सुरुवातीस मिळाले होते. 60,000 रुपयांचा दुसरा हप्ता 30 नोव्हेंबरला येणे होता व तो आलेला नव्हता.

याचा अर्थ तीन विलंब नव्हते, एकच होता. लिलावाचा हप्ता मिळाला तर उरलेली दोन्ही कामे चालू होतात. तीन बाबी तीन स्वतंत्र तक्रारी म्हणून मांडल्या असत्या, तर अध्यक्षांनी कदाचित सर्वांत सोपी, म्हणजे सुतारास निरोप पाठविण्याची, बाब हाती घेतली असती.

तिसरे काम : ज्याच्याकडे काम आहे त्यास आधी भेटणे

हप्ता वसूल करण्याचे काम 20 ऑक्टोबरच्या इतिवृत्तानुसार खजिनदारांकडे होते. लिलाव घेणारा गृहस्थ त्यांचा मेहुणा होता. गावात हे सर्वांस ठाऊक होते, म्हणून बैठकीत तो विषय निघाला की सगळे गप्प बसत. सचिव टिप्पणी लिहिण्याच्या आदल्या दिवशी खजिनदारांच्या घरी गेले.

"गुरुजी, तुमच्यापासून काय लपवायचे?" खजिनदार म्हणाले. "मागायला गेलो की चहा पुढे येतो, पैसे येत नाहीत. दोनदा बोललो. कडक बोलावे तर घरात बहिणीचे तोंड दिसते."

"मग हे काम तुमच्याकडून काढून अध्यक्षांच्या सहीने पत्र जावे, असे मी लिहिले तर तुमची हरकत आहे का?"

"लिहा. मलाही सुटल्यासारखे होईल. फक्त मी पैसे बुडवायला मदत केली असा अर्थ निघू देऊ नका."

ही भेट झाली नसती, तर टिप्पणी वाचताच खजिनदार दुखावले असते आणि पुढील बैठक बांधाऐवजी त्यांच्या अब्रूवर गेली असती. ज्याच्या नावावर काम बाकी आहे त्यास टिप्पणीतील मजकूर अध्यक्षांच्या आधी माहीत असावा, हा नियम सौजन्याचा तर आहेच, परंतु व्यवहाराचाही आहे. खरे कारण बहुधा याच भेटीत कळते. इतिवृत्तात ते कधीच लिहिलेले नसते.

टिप्पणीचा नमुना

या तयारीनंतर सचिवांनी लिहिलेली टिप्पणी पुढीलप्रमाणे होती.

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती, कूळ संघ

दिनांक : 12 फेब्रुवारी

विषय : मागील बैठकांतील मुदत उलटलेले तीन निर्णय, आपल्या आदेशाची 13 फेब्रुवारीपर्यंत आवश्यकता.

संदर्भ : दिनांक 20 ऑक्टोबर (ठराव 2 व 3) व दिनांक 24 नोव्हेंबर (ठराव 1) यांची इतिवृत्ते.

महोदय,

1. खचलेल्या 30 मीटर बांधाची दुरुस्ती पावसापूर्वी व्हावयाची असल्यास विभागीय कृषी कार्यालयाकडे अर्ज 23 फेब्रुवारीपर्यंत दाखल होणे आवश्यक आहे. ही तारीख कशी काढली त्याचे गणित सोबत जोडले आहे. त्यानंतर अर्ज गेल्यास जितके दिवस उशीर होईल तितके दिवस प्रत्यक्ष बांधकामातून कमी होतील.

2. मुदत उलटलेले निर्णय असे :

(अ) लिलावाचा दुसरा हप्ता, रुपये 60,000. मुदत 30 नोव्हेंबर. विलंब 74 दिवस. तोंडी मागणी दोन वेळा करण्यात आली. लेखी मागणी अद्याप झालेली नाही.

(ब) बांधदुरुस्तीचा अर्ज. मुदत 15 नोव्हेंबर. विलंब 89 दिवस. मोजमाप 4 डिसेंबरला पूर्ण झाले. समितीचा ठराव व रुपये 30,000 च्या वाट्याचे पत्र बाकी.

(क) मानशीची दोन दारे बदलणे. मुदत 31 डिसेंबर. विलंब 43 दिवस. दोन दरपत्रके प्राप्त. कमी दर रुपये 38,000.

3. (ब) व (क) ही दोन्ही कामे (अ) मधील रकमेअभावी थांबलेली आहेत. संघाच्या खात्यात आज रुपये 11,500 शिल्लक आहेत. हप्ता मिळाल्यास एकूण रुपये 71,500 होतील व दोन्ही कामांसाठी लागणारे रुपये 68,000 त्यातून भागतील.

4. वसुलीचे काम खजिनदारांकडे आहे. लिलावदारांशी त्यांचे निकटचे नाते असल्याने लेखी मागणी अध्यक्षांच्या सहीने जाणे त्यांना व समितीलाही सोयीचे होईल. याबाबत त्यांच्याशी बोलणे झाले असून त्यांची संमती आहे.

5. आपल्या निर्णयासाठी :

एक, लिलावाच्या अटींनुसार सात दिवसांची लेखी मागणी आपल्या सहीने 13 फेब्रुवारीस द्यावी. मसुदा सोबत आहे.

दोन, 21 फेब्रुवारीस विशेष बैठक बोलवावी. रक्कम आली असल्यास वाट्याचे पत्र व दारांचे काम तीत मंजूर व्हावे. न आल्यास रुपये 15,000 ची अनामत जप्त करणे व मामलेदारांकडे अर्ज करणे यांचा विचार व्हावा.

6. वरील आदेश न झाल्यास 23 फेब्रुवारीची तारीख पाळता येणार नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणतो.

आपला विश्वासू,
सचिव

सोबत : तारखांचे गणित, मागणीपत्राचा मसुदा, दोन दरपत्रके.

नमुन्यातील लक्षात घेण्याजोग्या गोष्टी

पहिली गोष्ट विषयाच्या ओळीची. "प्रलंबित बाबींबाबत" एवढेच लिहिले असते तर अध्यक्षांनी कागद सवडीने वाचण्यासाठी बाजूस ठेवला असता. आदेश हवा आहे आणि उद्यापर्यंत हवा आहे, हे त्यांना घडी उघडताच कळले.

दुसरी गोष्ट परिच्छेद 2 ची. येथे प्रत्येक बाबीस मुदत, विलंब, झालेले काम व राहिलेले काम अशा चारच गोष्टी दिल्या आहेत. विशेषणे नाहीत. पहिल्या मसुद्यात सचिवांनी (अ) पुढे "हयगयीमुळे" असा शब्द लिहिला होता व नंतर खोडला. "लेखी मागणी अद्याप झालेली नाही" हे वाक्य तेवढीच माहिती देते आणि त्यास कोणी हरकत घेऊ शकत नाही. हयगय झाली की नाही यावर तासभर वाद घालता येतो. पत्र गेले की नाही यावर घालता येत नाही. झालेल्या कामाची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. ज्या सभासदाने 4 डिसेंबरला चिखलात उतरून मोजमाप घेतले, त्याचे काम "अर्ज प्रलंबित" या दोन शब्दांखाली झाकले जाऊ नये.

तिसरी गोष्ट नात्याच्या उल्लेखाची. तो टाळला असता तर अध्यक्षांना स्वतःच्या सहीची गरज का आहे हे उमगले नसते. तो आरोपाच्या सुरात केला असता तर खजिनदारांस दिलेला शब्द मोडला असता. नाते आहे, म्हणून सही दुसऱ्याची असावी आणि त्यास संबंधिताची संमती आहे, एवढे एका परिच्छेदात सांगून विषय संपविला आहे.

चौथी व मुख्य गोष्ट परिच्छेद 5 ची. अध्यक्षांकडे मागितलेल्या दोनच गोष्टी आहेत आणि दोन्ही केवळ त्यांच्याच अधिकारातील आहेत : सही करणे व बैठक बोलावणे. "योग्य ती कार्यवाही व्हावी" अशी विनंती केली असती, तर योग्य कार्यवाही कोणती हे ठरविण्याचे काम अध्यक्षांवर पडले असते व तेही थांबले असते. मागणीपत्राचा मसुदा जोडलेला असल्याने अध्यक्षांस लेखणी उचलण्यापलीकडे काही करावयाचे नव्हते.

टिप्पणी दिल्यानंतर

टिप्पणी जावक नोंदवहीत नोंदवून अध्यक्षांच्या हाती द्यावी व दुय्यम प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली गोष्ट पुढे "मला कोणी कळविले नाही" या वाक्यापुढे टिकत नाही. मात्र पहिल्याच वेळी प्रत मामलेदारांस अथवा कृषी कार्यालयास पाठवू नये. अध्यक्षांनी वाचण्यापूर्वी कागद वर गेला, तर त्यांचे लक्ष बांधावरून उठून सचिवावर बसते. ठरलेल्या दिवशी आदेश न मिळाल्यास दुसऱ्या दिवशी भेटून विचारावे. तरीही काही न झाल्यास पुढील बैठकीच्या कार्यसूचीत टिप्पणी जशीच्या तशी ठेवावी. आणि त्यानंतरच, अध्यक्षांस कळवून, वरिष्ठांकडे जावे.

टिप्पणीचा उपयोग झाला की नाही हे ओळखण्याची खूण तिच्यावरील शेऱ्यात असते. "पाहिले" किंवा "चर्चा करावी" असा शेरा आला, तर समजावे की मागणी नेमकी नव्हती अथवा अध्यक्षांस ती पटली नाही. शेऱ्यात नाव व तारीख आली, तर काम हलले. उदाहरणातील अध्यक्षांनी मागणीपत्रावर सही केली व टिप्पणीच्या समासात लिहिले : "पत्र आजच द्यावे. बैठक 21 रोजी, सायंकाळी 5 वाजता."

लिलावदाराने 20 फेब्रुवारीस 40,000 रुपये भरले व उरलेल्या 20,000 रुपयांसाठी 15 मार्चपर्यंत मुदत मागितली. समितीने अनामत हमी म्हणून ठेवून ती मुदत दिली. त्याच बैठकीत दारांचे काम कमी दराच्या सुतारास देण्यात आले आणि वाट्याच्या पत्रास मंजुरी मिळाली. अर्ज 23 फेब्रुवारीस दाखल झाला. भांगाच्या दिवसांत, भरतीचा जोर कमी असताना, मानशीची दोन्ही दारे बदलण्यात आली.

बांधाची गोष्ट मात्र पूर्ण साधली नाही. मंजुरी 16 मार्चऐवजी 25 मार्चला आली. पुढील टप्पे तेवढेच मागे सरकले व काम 24 एप्रिलला सुरू झाले. 10 मेपर्यंत 16 दिवस उरले होते. समितीने 30 मीटर घाईने उरकण्यापेक्षा सर्वांत कमकुवत 18 मीटर नीट बांधावयाचे ठरविले, आणि उरलेल्या 12 मीटरांवर मातीची पोती रचून लाकडी मेढींचा आधार दिला. ते पक्के काम पुढील हंगामावर गेले. अर्ज नोव्हेंबरात गेला असता तर नऊ दिवसांचा हा उशीर कोणाच्या लक्षातही आला नसता. टिप्पणीने उरलेला वेळ वाचविला. गेलेला वेळ ती परत आणू शकली नाही.

टिप्पणी कोठे उपयोगी पडत नाही

मूळ ठरावच अपुरा असेल, तर त्याविषयी विलंबाची टिप्पणी लिहिता येत नाही. "बांधाकडे सर्वांनी लक्ष द्यावे" हा ठराव कोणाच्याही नावावर नाही व त्यास मुदतही नाही. तो कधी उलटला हे सांगणार कसे? अशा वेळी आधी पुढील बैठकीत काय, कोणी व केव्हापर्यंत या तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्या लागतात. त्याचप्रमाणे काम अशक्य ठरल्यामुळे थांबले असेल, तर मुदतवाढ मागण्यापेक्षा ठराव बदलण्याची शिफारस करणे प्रामाणिकपणाचे होय. एकाच बाबीस कारण न देता तिसऱ्यांदा नवी तारीख मिळाली, तर ती बाब बहुधा या प्रकारची असते.

आणि बांधातून पाणी प्रत्यक्ष वाहू लागले असेल, तर कागद लिहीत बसू नये. त्या रात्री घमेली, पोती आणि माणसे गोळा करावयाची असतात. ओहोटीच्या वेळात भगदाड बुजविले गेले, की दुसऱ्या दिवशी सकाळी इतिवृत्ताची वही काढावी आणि हे काम कोणत्या बैठकीत ठरले होते, कोणाकडे होते व कोठे अडले, ते पाहावे. उदाहरणातील सचिवांनी 12 मीटरांच्या पक्क्या दुरुस्तीची बाब पावसाळ्यापूर्वीच नव्या पानावर उतरवून ठेवली. तीपुढे त्यांनी एका सभासदाचे नाव लिहिले, अर्जाची तारीख 31 ऑक्टोबर लिहिली, आणि लिलावाची पूर्ण रक्कम यापुढे दोन हप्त्यांत न घेता लिलावाच्या दिवशीच घ्यावी असा प्रस्तावही त्याखाली मांडला.